मॅटर्निटी लीव्हचा मेल: टू मध्ये कोण, सीसी मध्ये कोण?

*ताई, मला चौथा महिना चालू आहे, ड्यू डेट 20 नोव्हेंबर. पुण्यात एका आयटी कंपनीत सहा वर्षं आहे. ऑफिसमध्ये अजून कुणालाच सांगितलं नाहीये. मेलचा ड्राफ्ट तीनदा लिहून खोडला. मॅनेजरना टू मध्ये टाकून एचआरला सीसी केलं तर आमच्याकडे लोक म्हणतात ही तक्रार केली. एचआरला टू करून मॅनेजरना सीसी केलं तर त्यांना वाटणार मला डावलून वर गेली. सव्वीस आठवडे, त्याला जोडून 20 पीएल आणि नंतर दोन महिने घरून काम, असं सगळं एकाच मेलमध्ये मागायचंय. सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडायचा का? मॅनेजर चांगले आहेत, पण पुरुष आहेत, मला संकोच वाटतो. काय करू?*

*पुण्याहून एक वाचक*

आधी अभिनंदन गं, मनापासून! आता कामाचं बोलते. तुझ्या पत्रात मी एका शब्दापाशी थांबले, 'मागायचंय'. टू आणि सीसीचा सगळा घोळ त्या एका शब्दातून सुरू झालाय असं मला वाटतं, कारण तू तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यास आणि त्या तिन्हींना 'मागणं' म्हणतेयस. पण त्या तिन्हींचं उत्तर देणारा माणूस वेगळा आहे.

पहिली गोष्ट सव्वीस आठवडे. ही रजा तू मागत नाहीस, कळवतेस. 1961 चा मॅटर्निटी बेनिफिटचा कायदा, त्यात 2017 ला दुरुस्ती होऊन 12 चे 26 आठवडे झाले, आणि नवीन सामाजिक सुरक्षा संहितेतही ते 26 च ठेवलेत. ड्यू डेटच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान 80 दिवस काम झालेलं असलं की बाई हक्कदार, आणि तुझी तर सहा वर्षं झाली. (आधीची दोन किंवा जास्त मुलं असतील तर मात्र 12 च आठवडे मिळतात, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवते.) कायद्यात ह्यासाठी अर्ज नाही, लेखी नोटीस आहे, आणि ती द्यायची एम्प्लॉयरला. एम्प्लॉयर म्हणजे कंपनी, तुझे मॅनेजर नव्हेत, आणि कंपनीच्या वतीने असला कागद घेणारं खातं एचआर. म्हणजे ह्या भागात मॅनेजरना 'कृपया मंजूर करावे' लिहिणं चुकीचंच आहे, कारण तो अधिकार त्यांच्याकडे नाहीच, आणि तसं लिहिलं की ते बिचारे पण गोंधळतात, त्यांना वाटतं आता आपण हो-नाही सांगायचंय, मग ते डेडलाइन बघतात, टीममध्ये माणसं किती बघतात, 'बसून बोलू' म्हणतात आणि मेल दोन आठवडे तिथेच पडून राहतो.

दुसरी गोष्ट 20 पीएल. हे मात्र खरंच मागणं आहे, ते मॅनेजरकडेच, आणि ते नाही म्हणू शकतात.

तिसरी घरून काम. कायद्यात ह्याचा उल्लेख आहे, पण कामाचं स्वरूप तसं असेल तर आणि कंपनी व तू दोघांनी मिळून ठरवलं तर, एवढाच. म्हणजे हा हक्क नाही, बोलणी आहेत, आणि त्यात काम होतंय का हे मॅनेजर सांगणार, पॉलिसीत बसतंय का हे एचआर सांगणार.

मी स्वतः चौदा वर्षं एचआरमध्ये होते, आणि हे तिन्ही एका मेलमध्ये आले की काय होतं ते जवळून बघितलंय. मेल येतो, टू मध्ये मॅनेजर, सीसीला आम्ही. मॅनेजर वाचतात आणि शेवटच्या ओळीवर अडकतात, घरून काम. त्यावर त्यांचा रिप्लाय येतो की एवढं लांब घरून जमणार नाही, चर्चा करू. झालं, आता अख्ख्या थ्रेडवर 'चर्चा चालू' असा शिक्का बसला. आम्ही सीसीला असल्यामुळे आम्हाला वाटतं अजून ठरायचंय, आम्ही सिस्टीममध्ये काहीच नोंदवत नाही. एका मुलीच्या बाबतीत तर तिची ड्यू डेट तीन आठवड्यांवर आली तरी सव्वीस आठवड्यांची नोंद झाली नव्हती, कारण भांडण त्या नंतरच्या घरून कामावर अडकलं होतं, आणि ज्याच्यावर वादच नव्हता तो भाग पण त्याच्यासोबत लटकला. त्यात चूक आमची होती, आम्ही तेवढ्या रजेची पोच द्यायला हवी होती, ते मला आजही टोचतं. पण तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, हक्काचा मेल वेगळा आणि विनंतीचा मेल वेगळा.

मग टू-सीसी आपोआप सुटतं. ज्याने ह्या मेलवर काहीतरी करायचंय तो टू मध्ये. ज्याला फक्त माहीत असणं पुरे तो सीसी मध्ये. नोटीसवर करायचं कोणाला? एचआरला. नोंद घ्यायची, पेरोलला कळवायचं, विम्याचं बघायचं. म्हणून टू एचआर, सीसी मॅनेजर. पीएलवर करायचं मॅनेजरना, म्हणून टू मॅनेजर, आणि एचआरला सीसी करायची गरजच नाही, पोर्टलवर रजा टाकली की नोंद होतेच. घरून कामाच्या मेलला टू मध्ये मॅनेजर आणि सीसीला एचआर, आणि तो आत्ता नको, ह्याबद्दल पुढे सांगते.

आता तुझी जी भीती आहे की मॅनेजरना वाटेल त्यांना डावलून गेलीस. ही भीती खोटी नाही. पण ती सीसी मुळे येत नाही गं, बातमी सीसी मधून कळण्यामुळे येते. माणसाला वाईट कधी वाटतं, जेव्हा सकाळी मेल उघडला आणि आपल्याच टीममधल्या मुलीची एवढी मोठी गोष्ट तिथे तिऱ्हाईतासारखी वाचायला मिळाली. तीच गोष्ट आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं बोलून सांगितलेली असेल, तर तोच सीसी त्यांना साधा कागद वाटतो. म्हणून मेलच्या आधी बोल. संकोच वाटतो म्हणतेस, तर फोनवर बोल, आणि जास्त काही सांगायचं नाहीच, एवढंच: "सर, एक चांगली बातमी आहे, मी प्रेग्नंट आहे, ड्यू डेट नोव्हेंबरमध्ये आहे, रजेचा मेल उद्या एचआरला करतेय, तुम्हाला सीसीला ठेवतेय, पण तुम्हाला आधी माझ्या तोंडून कळावं असं वाटलं." बास. तब्येतीचं, डॉक्टरांचं काही सांगायची गरज नाही. 'तुम्हाला सीसीला ठेवतेय' हे वाक्य मात्र सोडू नकोस, कारण त्यामुळे दुसऱ्या दिवशी मेल बघून त्यांना धक्का बसत नाही.

बोलणं झालं की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी मेल गेलाच पाहिजे, आठवडा लावू नकोस, नाहीतर ती बातमी लंच टेबलवरून एचआरला कळते.

एक गोष्ट मात्र तोलून बघ. मॅनेजर आधी की एचआर आधी, हा क्रम मी वर सांगितला तो चांगल्या मॅनेजरसाठी. तू म्हणतेस चांगले आहेत, तर तसंच कर. पण हे वाचणाऱ्या कुणाचं कन्फर्मेशन पेंडिंग असेल, काँट्रॅक्ट संपत आलं असेल, किंवा मॅनेजरने आधी एखादीला ह्या कारणावरून प्रोजेक्टमधून काढलेलं डोळ्यासमोर असेल, तर तिने आधी एचआरला मेल करावा, फक्त एचआरला, सीसी कुणी नाही, आणि मग मॅनेजरशी बोलावं. कारण गरोदरपणाच्या रजेवर असताना काढून टाकणं किंवा अटी वाईट करणं कायद्याने चालत नाही, पण वाद झालाच तर पहिला प्रश्न येतो की कंपनीला कधी माहीत झालं होतं. तारखेचा मेल हाच त्याचा पुरावा.

आता तुमच्याकडे एचआरला सीसी म्हणजे तक्रार असं जे म्हणतात, तेही बरोबरच आहे बघ, कारण मॅनेजर टू आणि एचआर सीसी ह्या रचनेचा अर्थ 'हे तुम्ही करा आणि हे लोक बघतायत' असाच होतो. म्हणून तर आपण उलटं करतोय. एचआर टू मध्ये आली की ती पहारेकरी राहत नाही, काम करणारी होते.

एचआर म्हणजे नक्की कोण हेही बघ. बऱ्याच कंपन्यांमध्ये एक सगळ्यांचा एचआरचा आयडी असतो, तो पाच-सात जण उघडतात, त्यात भरतीवाले पण असतात, आणि मेलचं तिकीट होतं. आणि शिवाय तुमच्या बिझनेस युनिटची एक ठरलेली एचआर व्यक्ती असते. ह्या मेलला टू मध्ये ती ठरलेली व्यक्ती ठेव आणि तो कॉमन आयडी सीसीला टाक, म्हणजे उद्या तिने नोकरी सोडली तरी मेल कुठेतरी आहे. एचआरमध्ये माणसं फार बदलतात. मॅनेजरचे मॅनेजर, डिलिव्हरी हेड, क्लायंट, टीमचा ग्रुप आयडी, ह्यातलं कुणीही नको. मॅनेजरच्या वरच्याला सीसी केलं की मात्र खरंच तक्रार होते. आणि बीसीसी तर कुणालाच नको, बीसीसी मधल्या माणसाने चुकून रिप्लाय ऑल केला की सगळं उघडं पडतं.

मेल असा लिही, इंग्रजीत लिहिशील पण मजकूर हा:

> विषय: मॅटर्निटी लीव्हची नोटीस, 26 ऑक्टोबरपासून
>
> मी गरोदर असून माझी अपेक्षित प्रसूतीची तारीख 20 नोव्हेंबर आहे. मी सोमवार 26 ऑक्टोबर ते रविवार 25 एप्रिल अशी 26 आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह घेत आहे. ह्या काळात मी दुसरीकडे कुठेही काम करणार नाही. कंपनीचा काही ठरावीक फॉर्म असल्यास पाठवावा, त्यात नॉमिनीचं नाव भरून देईन. डॉक्टरांचं सर्टिफिकेट वेगळ्या मेलने फक्त एचआरला पाठवत आहे. नोटीस मिळाल्याचं ह्या मेलवर कळवावं. कामाच्या हँडओव्हरचा प्लॅन मी मॅनेजरना वेगळा पाठवत आहे.

तारखा कशा काढल्या ते सांगते, कारण इथे खूप जणी चुकतात. 26 आठवड्यांतले जास्तीत जास्त 8 ड्यू डेटच्या आधी घेता येतात. तुझ्या 20 नोव्हेंबरपासून मागे आठ आठवडे म्हणजे 25 सप्टेंबर, त्याच्या आधी ही रजा सुरू होत नाही. त्यानंतर कधीही सुरू कर. मी 26 ऑक्टोबर धरलाय कारण तो सोमवार आहे आणि साधारण साडेतीन आठवडे आधी हातात राहतात, तुला जास्त आराम हवा असेल तर अलीकडे घे, पण मग बाळासोबतचे तेवढे कमी होतात, एकूण 26 च. आणि आठवडा म्हणजे सात दिवस, शनिवार-रविवार-दिवाळी सगळं धरून, कामाचे 130 दिवस असं मोजायचं नाही. 26 ऑक्टोबरपासून 182 वा दिवस 25 एप्रिलला येतो. मग 26 एप्रिल ते 21 मे हे तुझे 20 पीएल, आणि सोमवार 24 मेला तू जॉइन. बाळ लवकर आलं, समजा 15 ऑक्टोबरलाच, तर रजा तेव्हापासून धरली जाते आणि शेवटची तारीखही तेवढी मागे सरकते, म्हणून त्या थ्रेडवर एक ओळ टाकायची एवढंच.

सर्टिफिकेट वेगळ्या मेलने का, तर जो मेल मॅनेजरना सीसी आहे त्याला वैद्यकीय कागद जोडायचाच नाही. तुझा संकोच इथे अगदी योग्य ठिकाणी आहे. आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट तर एचआरलाही नको. त्यात बाळाचं वजन, पाणी किती, प्लॅसेंटा कुठे, काय काय असतं, त्यातलं पेरोलला काहीही लागत नाही. तुझ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळींचं सर्टिफिकेट घे, गरोदर आहे, अपेक्षित तारीख अमुक, खाली सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. एकदा एका मुलीने पूर्ण फाइलच जोडली होती, मॅनेजरने तो मेल 'हिच्या जागी माणूस बघा' म्हणून रिसोर्सवाल्यांना फॉरवर्ड केला. रिप्लाय केला तर अटॅचमेंट सोबत जात नाही, पण फॉरवर्ड केला की जाते, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. तिला जुळं होतं हे तिच्या सासूच्या आधी तीन अनोळखी लोकांना कळलं.

हेच पोर्टलचं. पोर्टलवर रजा टाकायचीच आहे, पण सगळ्यात शेवटी, कारण सबमिट दाबल्याक्षणी मॅनेजरना ऑटो मेल जातो आणि तुझं बोलणं व्हायच्या आधी त्यांना मशीनकडून कळतं. पोर्टलवर कागद अपलोड करायच्या आधी एचआरला विचार की हा अटॅचमेंट अप्रूव्हरला दिसतो का, बऱ्याच ठिकाणी दिसतो. दिसत असेल तर मेलनेच दे. आणि टीमच्या कॅलेंडरवर रजेचा प्रकार दिसतो की नुसतं 'लीव्ह' दिसतं, तेही बघून घे. पोर्टलवर 'अप्रूव्ह' चं बटण मॅनेजरकडेच असतं, त्याचा अर्थ परत तोच काढू नकोस की त्यांची परवानगी लागते, सॉफ्टवेअर सगळ्या रजांना एकच रस्ता लावतं एवढंच.

मॅनेजरना जो हँडओव्हरचा मेल करायचा तो मात्र मनापासून कर, त्यात फक्त तेच टू मध्ये. तुझ्याकडे काय काय आहे, ऑक्टोबरपर्यंत काय संपेल, काय कुणाला शिकवायला लागेल. त्याच मेलमध्ये शेवटी 20 पीएलची विनंती कर, तारखांसकट. ज्या माणसाला सहा महिने ती जागा सांभाळायचीय त्याला ही माहिती हवी असते, आणि ती एचआरच्या नोटीसमध्ये कोंबली की दोन्ही कामं नीट होत नाहीत.

घरून कामाचं आत्ता काढू नकोस असं माझं मत आहे. मे महिन्यात प्रोजेक्ट कुठला असेल, बाळाकडे बघायला कोण असेल, तुला तरी आज माहितीय का? फेब्रुवारीच्या शेवटी नाहीतर मार्चमध्ये मेल कर, टू मॅनेजर, सीसी एचआर. 50 किंवा जास्त लोक असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय द्यावी लागते, तेही त्याच मेलमध्ये विचारता येईल, कदाचित तुला घरून कामापेक्षा तेच सोयीचं पडेल.

आता समजा तुझ्या नोटीसवर मॅनेजरनी रिप्लाय ऑल केला, "अभिनंदन, पण 26 आठवडे अवघड आहे, 16 चं बघू या." चांगली माणसंही असं लिहितात, त्यांना नियम माहीत नसतो. तू त्यांच्याशी वाद घालू नकोस, आणि त्यांना एकट्याला रिप्लाय तर अजिबात करू नकोस. त्याच थ्रेडवर, एचआर टू मध्येच ठेवून, एवढंच: "धन्यवाद सर. रजेचा कालावधी कायद्याप्रमाणे 26 आठवडे आहे, तेवढाच घेतेय. एचआरने कृपया कन्फर्म करावं." बोलायचं काम एचआरवर सोड, ते त्यांचंच काम आहे. आणि एचआरचं उत्तर चार-पाच दिवसांत आलं नाही तर त्याच मेलवर आठवण कर, नवीन मेल नको, पहिली तारीख खाली दिसत राहिली पाहिजे. उत्तर आलं की त्या मेलची पीडीएफ करून स्वतःकडे ठेव, कारण सहा महिन्यांत पासवर्ड एक्स्पायर होतो आणि मग तुझाच मेल तुला उघडता येत नाही.

थर्ड पार्टी पेरोलवर असलेल्या वाचकांनी एवढं बदलायचं: तुमचा एम्प्लॉयर तो, ज्याच्या नावाने सॅलरी स्लिप येते. म्हणून टू मध्ये त्या एजन्सीचं एचआर, आणि जिथे बसून काम करता तिथल्या मॅनेजरना फक्त तारखा. तिथल्या एचआरला कागद पाठवून काही होत नाही. आणि ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांना रजेचे पैसे ईएसआयकडून येतात, कंपनीकडून नाही, तेव्हा त्यांचा क्लेम वेगळा करावा लागतो, पण रजेची नोटीस तरीही कंपनीलाच.

एखादीची नोटीस द्यायची राहूनच गेली, घाईत दवाखान्यात जावं लागलं, तर घाबरू नका, बाळंतपणानंतरही लवकरात लवकर देता येते, तेवढ्यावरून हक्क जात नाही.

आणि बाळ झाल्यावरचा मेल कोण करणार ते आत्ताच ठरव गं. त्या दिवशी तू लॅपटॉप उघडणार नाहीस. एचआरला तुझा घरचा मेल आयडी आणि नवऱ्याचा नंबर आधीच देऊन ठेव, हे पण त्या सर्टिफिकेटच्या मेलमध्ये, मॅनेजर सीसी नसलेल्या. नवऱ्याला तयार मजकूर फोनमध्ये टाकून दे, बाळ अमुक तारखेला झालं, दोघं ठीक, डिस्चार्जचा कागद मागाहून पाठवतो, टू त्या एचआरच्या ताईंना. मॅनेजरना त्याने साधा व्हॉट्सॲप केला तरी चालेल.